आमच्या मागे याचं कोण?

मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे किंवा बौद्धिक अक्षमता आहे, हे कळल्यावर आईवडिलांना होणारं दुःख काही काळाने ओसरायलाच हवं, अशी एके काळी समजूत होती. ओसरलं नाही, तर पालकांनी सत्य स्वीकारलेलं नाही असा निष्कर्ष निघे. अमेरिकेतील सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ साली याला हरकत घेतली. हे दुःख जन्मभर अधूनमधून उफाळून येतं आणि ते स्वाभाविकच आहे, असं त्यांनी मांडलं. ते उफाळतंही बहुधा दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी. पुतण्याच्या दहावीच्या निकालाचे पेढे हातात येतात, आणि आपला मुलगाही याच वयाचा, हे आठवतं.

थकव्याचं कारण मात्र बरंचसं शारीरिक असतं. चालू न शकणारं चार वर्षांचं मूल जेमतेम पंधरा किलोचं. आई त्याला कडेवर घेऊन थेरपीला नेते. चौदाव्या वर्षी तोच मुलगा पस्तीस-चाळीस किलोचा होतो आणि आईने चाळिशी ओलांडलेली असते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा पलंगावर, असं दिवसभर उचलणं चालूच. रात्री त्याची कूस बदलायला उठायचं ते वेगळंच. मग कंबर धरते, झोप तुटते, चिडचिड मुलावर निघते आणि त्याचा सल मनाला लागतो. अशा वेळी ‘किती सोसतेस गं’ या कौतुकाचा उपयोग नसतो. आठवड्यातून दोन दुपारी मुलाजवळ थांबणारं माणूस मिळालं, तर होतो. थकवा विश्रांतीने उतरतो. निवांतपणा मिळूनही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवावं.

सगळ्यांत खोल भीती आपल्या पश्चात काय, याची. तिचा एक भाग कायद्याने हलका होतो. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत बँकेच्या खिडकीवरच कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. मालमत्ता सांभाळायची असेल, तर पालकाला सहा महिन्यांत तिची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

आईवडीलच पालक झाले, तरी त्यांच्यानंतरचा प्रश्न उरतोच. धाकट्या बहिणीचं नाव पुष्कळदा गृहीत धरलेलं असतं. तिला विचारायचं राहून जातं. ते तिच्या लग्नाआधी, मृत्युपत्र करताना, समोर बसून विचारलेलं बरं. ती नाही म्हणाली, तर संस्था शोधायला निदान वेळ हाती असतो.