एक किडनी आणि कबड्डीचं मैदान

आत्तेभावाच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, खडा असणार. गोरेगावहून हिंगोलीला जाऊन सोनोग्राफी केली. खडा सापडला नाही, पण डावी किडनीही सापडली नाही. जन्मापासून एकच! वय १९, गावच्या कबड्डी संघातला चढाईचा गडी. रिपोर्ट ऐकून आत्या एवढंच म्हणाली, "आता ती कबड्डी बंद कर बाबा."

अशी मुलं साधारण हजार-दोन हजारांत एक जन्मते. बहुतेकांना ते कळतं अपघातानेच, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत. २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीचं कांस्यपदक जिंकणाऱ्या अंजू बॉबी जॉर्जलाही एकच किडनी आहे. तिने ते जगाला सांगितलं डिसेंबर २०२० मध्ये. पण लांब उडीत कुणी अंगावर येत नाही. कबड्डीत पाच जण येतात.

म्हणून किडनीच्या डॉक्टरांनी आधी उरलेली किडनी नीट बघितली. ती बरगड्यांच्या आड, आपल्या जागी होती आणि नेहमीपेक्षा मोठी होती. मोठी असणं चांगलंच, कारण दोघींचं काम एकटी करताना ती वाढते. तिला सूज नव्हती, लघवीत प्रोटीन नव्हतं, क्रिएटिनिन ०.९ होतं. किडनी खाली ओटीपोटात असती किंवा लघवी अडून फुगलेली असती, तर धक्क्याचे खेळ सोडायलाच सांगितले असते.

मग खेळायचं का? अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंच्या एका मोठ्या पाहणीत २३ हजारांहून जास्त दुखापती नोंदल्या गेल्या. त्यात किडनीच्या होत्या १८, आणि एकीतही किडनी गमवावी लागली नाही. डोकं आणि गुडघा यांना त्याहून कितीतरी जास्त इजा झाल्या होत्या. सायकलवरून पडून किडनीला लागण्याचा धोका तर बऱ्याच मैदानी खेळांपेक्षा जास्त असतो. पण त्या पाहणीत कबड्डी नव्हती. धोका कमी आहे, शून्य नाही, आणि इथे राखीव खेळाडू बाकावर नाही. त्यामुळे सरसकट बंदी नाही, निर्णय खेळाडूने आणि घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. कमरेला जाड पट्टा बांधला की झालं, असंही नाही. त्याने इजा टळतेच असं सिद्ध झालेलं नाही.

एक नियम मात्र पक्का. पकडीत पाठीला, शेवटच्या बरगड्यांपाशी गुडघा बसला आणि नंतर लघवी लाल झाली, कुशीत दुखत राहिलं किंवा चक्कर आली, तर सामना तिथेच सोडून दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं, "मला एकच किडनी आहे."

खरी काळजी मैदानाबाहेरची आहे. पहिल्या दिवशी भावाचं बीपी १४२/८८ निघालं आणि आत्या रडकुंडीला आली. पण तो गाडी दामटत आला होता, दारात चहा घेतला होता आणि घाबरलेला होता. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर आणि हात छातीच्या उंचीवर ठेवून, न बोलता बसवलं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजलं, तर १२४/७८. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको, आणि दंडाला पट्टा बसेल असाच हवा. लहान पट्टा आकडा फुगवतो. वाढलेलं बीपी किडनीच्या बारीक गाळण्या झिजवतं आणि दुखत काहीच नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन बघायचं. नीट मोजूनही बीपी पुन्हा पुन्हा १३०/८० च्या वर जात असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं.

दुसरी गोष्ट मेडिकलवरच्या गोळीची. मे महिन्याच्या उन्हात सामना, अंगातलं पाणी गेलेलं, रात्री गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक. पाणी कमी असताना या गोळीने किडनीकडे जाणारं रक्त आणखी घटतं. आयब्युप्रोफेनचंही तेच. आधी पाणी प्यायचं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

किडनी दान केलेल्यांनाही हेच लागू. फरक एवढाच, की त्यांची गाळणी एका दिवसात अर्धी होते, मग उरलेली किडनी हळूहळू आधीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत काम उचलते. त्यामुळे ०.८ असलेलं क्रिएटिनिन १.१ झालं, तर तो आजार नव्हे. ते तिथेच थांबतं की दरवर्षी वर सरकतं, हे महत्त्वाचं. म्हणून जुने रिपोर्ट फेकायचे नाहीत.

भाऊ अजून चढाई करतो. आत्याने एक अट घातली आहे. दरवर्षीचा रिपोर्ट आधी तिच्या हातात, मगच मैदान.