विक्री वाढली, पैसा कुठून आणायचा?

फरसाणाचा एक कारखाना धरू. यंदा विक्री 2 कोटी, पुढल्या वर्षी अडीच कोटी अपेक्षित. माल, येणी, यंत्रं मिळून मालमत्ता विक्रीच्या 60 टक्के आहे. म्हणजे वाढीव 50 लाखांच्या विक्रीसाठी आणखी 30 लाख अडकणार. बेसन-तेलवाल्यांची उधारी 15 टक्के, ती विक्रीबरोबर आपोआप साडेसात लाखांनी वाढते. (बँकेचं कर्ज असं वाढत नाही, ते इथे धरू नये.) नफा 6 टक्के, पण तो पूर्ण अडीच कोटींवर: 15 लाख. विद्यार्थी हमखास नुसत्या वाढीवर काढतात! मालकानं 5 लाख उचलले, तर धंद्यात 10 उरतात. बाहेरून आणायचे साडेबारा लाख.

मात्र मालमत्तेतली 50 लाखांची यंत्रं अर्धा वेळ बंदच असतील, तर नवी कशाला घ्यायची? मग जास्तीची मालमत्ता साडेसतरा लाखांचीच, आणि बाहेरचा पैसा शून्य.