जुनं पाणी किती उरलं?

हल्दिया बंदरात माल उतरवून मोकळं झालेलं जहाज तसंच समुद्रात काढत नाहीत. पोटात वजन नसलं की ते पाण्यावर उंच तरंगतं, मागचा पंखा वर येऊ लागतो आणि लाटांपुढे जहाज टिकाव धरत नाही. म्हणून तळाच्या आणि बाजूंच्या टाक्यांमध्ये बंदरातलंच पाणी भरून घेतात. हे बॅलास्टचं पाणी. हुगळीच्या मचूळ पाण्याबरोबर तिथल्या शिंपल्यांच्या अळ्या, शेवाळं, जिवाणू असं सगळं टाकीत येतं आणि पुढच्या बंदरात माल भरताना पाणी सोडलं की तिथे उतरतं. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत १९८८ साली सापडलेले झेब्रा शिंपले असेच जहाजांच्या टाक्यांतून आले आणि शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या नळांत ठाण मांडून बसले.

यावर उपाय म्हणून २००४ साली बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१७ साली तो अमलात आला. त्यात २०२४ पर्यंत लागू असलेला एक नियम असा होता : शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, किमान २०० मीटर खोल समुद्रात, टाकीतलं ९५ टक्के पाणी बदलायचं. टाकी पूर्ण उपसून पुन्हा भरली तर हिशेब सोपा असतो, पण भर समुद्रात टाकी रिकामी करणं जोखमीचं असतं. २००६ साली अलास्काजवळ ‘कूगर एस’ हे मोटारी वाहून नेणारं जहाज बॅलास्ट बदलता बदलता एका कुशीवर कलंडलं होतं. म्हणून अनेक जहाजं दुसरी रीत वापरत असत. टाकी भरलेलीच ठेवायची, खालून समुद्राचं पाणी पंपाने आत सोडायचं आणि तेवढंच पाणी वरून डेकवर वाहून जाऊ द्यायचं. या रीतीत टाकीच्या तिप्पट पाणी आत सोडलं की ९५ टक्के पाणी बदललं, असं करार मानतो.

तिप्पटच का? एक टाकीभर पाणी आत गेलं म्हणजे एक टाकीभर बाहेर गेलं, मग काम झालंच की! पण बाहेर जाणारं पाणी निव्वळ जुनं नसतं. आत आलेलं नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि त्याचाही काही भाग लगेच वाहून जातो. हा हिशेब मिठावरून मांडता येतो.

एक टाकी घेऊ. तिची क्षमता १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. बंदरातल्या पाण्यात लिटरमागे ५ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे टाकीत एकूण ५,००० किलो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पंप तासाला ५०० घनमीटर पाणी आत ढकलतो आणि तेवढंच बाहेर जातं. टाकीतलं पाणी क्षणोक्षणी नीट ढवळलं जातं, असं सध्या धरू.

आता t तासांनंतर टाकीत S किलो मीठ आहे असं माना. तासाला आत येणारं मीठ ३५ गुणिले ५००, म्हणजे १७,५०० किलो. बाहेर किती जातं हे मात्र आधीच सांगता येत नाही, कारण ते टाकीत त्या घडीला किती मीठ आहे त्यावर ठरतं. एका घनमीटरमध्ये S/1000 किलो मीठ आहे आणि असे ५०० घनमीटर तासाला बाहेर जातात, म्हणजे S/2 किलो. आवक वजा जावक म्हणजे मीठ वाढण्याचा दर :

dS/dt = 17500 - S/2

हेच पहिल्या कोटीचं विकलक समीकरण. आवक ठरलेली आहे, जावक साठ्याच्या प्रमाणात आहे, आणि सगळं वळण या दुसऱ्या पदामुळे येतं. सोडवण्यापूर्वी एक गोष्ट पाहून ठेवावी. S जर ३५,००० असेल तर उजवी बाजू शून्य होते. टाकीत नुसतं समुद्राचं पाणी असतं तेव्हा मीठ इतकंच असतं, म्हणजे मांडणी बरोबर आहे. इथे भलताच आकडा आला तर बहुधा एककांचा घोटाळा असतो. ग्रॅम आणि किलो किंवा लिटर आणि घनमीटर एकमेकांत मिसळलेले असतात.

आता S ऐवजी ३५,००० ला किती कमी पडतंय तेच मोजू. ही तूट y मानली तर y = 35000 - S. सुरुवातीला ती ३०,००० किलो आहे. मीठ ज्या दराने वाढतं त्याच दराने तूट घटते, म्हणून समीकरण आटोपशीर होतं :

dy/dt = -y/2

तूट दर घडीला स्वतःच्याच प्रमाणात घटते. दोन्ही बाजू वेगळ्या करून dy/y = -dt/2 असं लिहिलं आणि संकलन केलं की डावीकडे y चा लॉगरिदम येतो. सुरुवातीची तूट घातली की उत्तर मिळतं :

S = 35000 - 30000 e^(-t/2)

दोन तासांत टाकीभर पाणी आत जातं. तेव्हा e^(-1) म्हणजे सुमारे ०.३७, म्हणून ३७ टक्के जुनं पाणी अजून टाकीतच आहे आणि खारेपणा लिटरमागे जेमतेम २४ ग्रॅम आहे. चार तासांनी, दोन टाक्या पाणी गेल्यावर, १३.५ टक्के जुनं पाणी उरतं. सहा तासांनी e^(-3) म्हणजे ०.०४९८, ५ टक्क्यांहून किंचित कमी. करारातली तिप्पट इथून येते. टाकी लहान असो की मोठी, पंप मंद असो की जोरदार, किती टाक्या पाणी आत गेलं एवढंच महत्त्वाचं ठरतं.

टाकी अर्धीच भरलेली असेल आणि जावक आवकेपेक्षा कमी ठेवली तर मात्र हे सूत्र लागू पडत नाही. समजा ५०० घनमीटर पाणी आहे, तासाला ५०० आत येतं आणि २५० बाहेर जातं. मग छेदात स्थिर आकडा चालत नाही, तिथे 500 + 250t लिहावं लागतं. विद्यार्थी इथेच घसरतात. अशा टाकीत जुन्या पाण्याचा उरलेला हिस्सा 2/(2 + t) असा घटतो. दोन तासांनी टाकी काठोकाठ भरते तेव्हा मूळ पाण्यातलं निम्मं आतच असतं. त्यापुढे हे समीकरण संपतं आणि आधीचं सुरू होतं.

पाणी खरंच बदललं का, हे तपासनीस खारेपणा मोजून पाहतात. पंचमहासरोवरांकडे जाणाऱ्या जहाजांसाठी ही मर्यादा हजारी ३० आहे. आपल्या टाकीत ३० ग्रॅम कधी होतील? तूट एक षष्ठांश झाल्यावर, म्हणजे सुमारे ३ तास ३५ मिनिटांनी, आणि तेव्हा जुनं पाणी अजून जवळजवळ १७ टक्के आहे. म्हणजे ३० चा आकडा गाठला तरी ९५ टक्के पाणी बदललेलं नसतं. मुंबई बंदरात उन्हाळ्यात भरलेलं पाणी तर मुळातच समुद्राइतकं खारट असतं. तिथल्या टाकीत एक थेंबही बदलला नाही तरी उपकरण ३५ च्या आसपासच दाखवेल. सुरुवातीचा आकडा माहीत नसेल तर शेवटच्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही.

‘नीट ढवळलेलं’ हे आपलं गृहीतकही तपासायला हवं. बॅलास्ट टाकीत लोखंडी बरगड्या आणि अडचणीचे कोपरे असतात आणि तळाला गाळ बसलेला असतो. काही कोपऱ्यांत प्रवाह पोचतच नाही, तिथलं जुनं पाणी सहा तासांनीही तसंच राहतं. उलट समुद्राचं पाणी जड असल्यामुळे तळाशी पसरून हलकं पाणी वर ढकलत गेलं, तर सूत्र सांगतं त्यापेक्षा काम लवकर होतं. ओळखायचं कसं, तर टाकीच्या वेगवेगळ्या खोलीवरून आणि दोन-तीन ठिकाणांहून नमुने घ्यायचे. सहा तासांनी सगळीकडे ३३.५ च्या आसपास आकडे आले तर समीकरण त्या टाकीला लागू आहे. वर २८ आणि खाली ३५ आले तर तिथे मिसळण नव्हे, थर आहेत, आणि एका S मध्ये तो हिशेब मावत नाही.