एकच रोमन लिपी, दोन वेगळे करार

हाँगकाँगच्या मेट्रोत Kowloon आणि Kai Tak अशी दोन स्थानके आहेत. दोन्ही नावांची सुरुवात K ने होते, पण स्थानिक माणसाच्या तोंडी पहिल्या नावात ‘क’ असतो आणि दुसऱ्यात ‘ख’. Tsim Sha Tsui आणि Tsing Yi या नावांतल्या Ts चेही तसेच. पहिल्या नावात हवेचा झोत नाही, दुसऱ्यात आहे. पाट्यांवरचे हे लेखन ब्रिटिश काळापासून चालत आले आहे. ते नकाशासाठी आणि टपालासाठी ठीक होते, पण त्यावरून भाषा शिकता येत नाही, कारण ज्या फरकाने कँटोनीजमध्ये शब्द बदलतो तोच फरक त्यात पुसला गेला आहे. सुरांचा तर त्यात पत्ताच नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या पद्धतींपैकी आज सर्वाधिक वापरात असलेली एक म्हणजे युतपिंग. हाँगकाँगच्या भाषाविज्ञान संस्थेने ती १९९३ साली मांडली. अक्षरांवर कोणतीही खूण नको, साध्या कीबोर्डवरची रोमन अक्षरे आणि आकडे एवढ्यात सगळे बसले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. युतपिंगमध्ये वरची नावे अशी लिहिली जातात: gau2 lung4, kai2 dak1, zim1 saa1 zeoi2, cing1 ji1. इथे g आणि k वेगळे दिसतात, z आणि c वेगळे दिसतात, आणि प्रत्येक अक्षरगटामागे त्याच्या सुराचा आकडा असतो.

युतपिंग शिकायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी मँडरिन शिकलेली असते, म्हणजे चीन सरकारने १९५८ साली स्वीकारलेली पिनयिन पद्धत त्यांच्या हाडीमांसी रुजलेली असते. खरी अडचण इथेच सुरू होते. दोन्हीकडे तीच रोमन अक्षरे आहेत आणि b, p, d, t, g, k यांचे काम दोन्हीकडे अगदी सारखे आहे, म्हणून बाकीचेही सारखेच असेल असे वाटते. तसे ते नाही.

ज्या जोड्या सारख्या आहेत, त्या आधी पाहू, कारण त्यांत मराठी माणसाची मोठी सोय आहे. युतपिंगमधला b म्हणजे आपला ‘ब’ नव्हे, तो ‘प’ आहे. आणि p म्हणजे ओठ पूर्ण मिटून उच्चारलेला ‘फ’. d म्हणजे ‘त’, t म्हणजे ‘थ’. g म्हणजे ‘क’, k म्हणजे ‘ख’. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला झोत असलेला आणि नसलेला वर्ण वेगळे ऐकायला कानाला वळण लावावे लागते. आपल्याकडे हा अल्पप्राण-महाप्राण भेद लहान मूलही पाळते. आपण चुकतो ते वाचताना. g दिसला की ‘ग’ म्हणायची इंग्रजीने लावलेली सवय मोडली आणि gau2 हा ‘कउ’ असा वाचला, की अर्धे काम झाले.

आता फरक. सगळ्यांत जास्त फसवते ते j हे अक्षर. पिनयिनमध्ये j म्हणजे जीभ टाळूला लावून काढलेला, ‘ची’मधल्या ‘च’च्या जवळचा वर्ण. युतपिंगमध्ये j म्हणजे चक्क ‘य’. जर्मन भाषेत आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत j चा हाच उच्चार आहे. ‘माणूस’ हा शब्द मँडरिनमध्ये rén आहे, कँटोनीजमध्ये jan4, आणि तो ‘यन्’ असा वाचायचा. Tsing Yi मधला Yi हाच ji1 होतो. खुद्द या पद्धतीचे नाव jyut6 ping3 आहे, त्यातही ‘ज’ कुठे नाही. त्यातला yu हा एकच स्वर आहे: जिभेने ‘ई’ आणि ओठांनी ‘ऊ’ म्हटल्यासारखा. पिनयिन हाच स्वर कधी ü असा लिहिते, तर j, q, x, y नंतर नुसता u लिहिते आणि वाचणाऱ्याने तो ओळखावा अशी अपेक्षा ठेवते. युतपिंगमध्ये u नेहमी ‘उ’ आणि yu नेहमी हा गोल ओठांचा स्वर. मला हा नियम अधिक सरळ वाटतो.

मग पिनयिनच्या j चा वर्ण कँटोनीजमध्ये कोणत्या अक्षराने लिहितात? तो वर्ण तिथे स्वतंत्र नाहीच. मँडरिनमध्ये या जातीच्या वर्णांच्या तीन रांगा आहेत: z, c, s, जीभ मागे वळवून zh, ch, sh, आणि टाळूवरच्या j, q, x. कँटोनीजमध्ये रांग एकच, z, c, s. म्हणून मँडरिनमधले zài म्हणजे ‘पुन्हा’, zhū म्हणजे ‘डुक्कर’ आणि jiǔ म्हणजे ‘दारू’ हे तीन वेगळ्या आरंभांचे शब्द कँटोनीजमध्ये zoi3, zyu1 आणि zau2 असे एकाच z ने सुरू होतात. हा z कसा उच्चारायचा हे मराठी माणसाला सांगणे सोपे आहे: ‘चोर’, ‘चाक’, ‘चूल’ यांतला दाताजवळचा ‘च’. ‘चहा’तला नव्हे. c म्हणजे त्याच ‘चोर’च्या ‘च’ला हवेचा झोत जोडायचा. तो मात्र मराठीत नाही, कारण आपला ‘छ’ टाळूवरचा आहे. हा एक वर्ण कमवावा लागतो.

मात्र मँडरिनच्या प्रत्येक j च्या जागी z ठेवून भागत नाही. ‘नऊ’ आणि ‘दारू’ हे दोन्ही शब्द मँडरिनमध्ये jiǔ, सुरासकट एकसारखे. कँटोनीजमध्ये दारू zau2 आणि नऊ gau2. ‘नऊ’च्या आरंभी पूर्वी ‘क’ होता. उत्तरेकडे ‘इ’सारख्या स्वरांपुढे तो घसरत टाळूवर गेला, दक्षिणेत जागच्या जागी राहिला. उत्तरेत एकाच आवाजात मिसळलेले दोन प्रवाह कँटोनीजमध्ये अजून वेगळे आहेत, आणि युतपिंग ते वेगळे दाखवते.

आता सुरांकडे येऊ. पिनयिन सूर स्वराच्या डोक्यावर खुणेने दाखवते आणि मँडरिनचे सूर चार, शिवाय एक हलका, सूर नसल्यासारखा उच्चार. कँटोनीजचे सूर सहा. १ उंच आणि सपाट, २ खालून उंच चढणारा, ३ मध्यम पट्टीत सपाट, ४ खालून सुरू होऊन आणखी खाली जाणारा, ५ खालून जेमतेम मध्यापर्यंत चढणारा, ६ मध्याच्या थोडा खाली सपाट. पिनयिन टाइप करतानाही लोक खुणांऐवजी आकडे वापरतात आणि घोटाळा तिथे होतो. १ आणि २ हे आकडे दोन्ही पद्धतींत जवळपास सारखेच ऐकू येतात, म्हणून पुढच्या दोघांवरही विश्वास बसतो. पण मँडरिनचा तिसरा सूर खाली वाकणारा आहे आणि कँटोनीजचा तिसरा सपाट. मँडरिनचा चौथा वरून धाडकन कोसळतो, कँटोनीजचा चौथा तळाशीच असतो.

हे सहा सूर लक्षात ठेवायला कँटोनीज शिकवणारे एक संख्या पाठ करून घेतात: ३९४०५२. तिचे आकडे एकामागून एक म्हटले की सहाही सूर क्रमाने उमटतात: saam1, gau2, sei3, ling4, ng5, ji6. यांतला ‘पाच’ म्हणजे नुसता ‘ङ्’, त्याला स्वर नाही. आता हेच आकडे मँडरिनमध्ये म्हणा: sān, jiǔ, sì, líng, wǔ, èr. सूर आले १, ३, ४, २, ३, ४. म्हणजे कँटोनीजचे २ आणि ५ मँडरिनमध्ये दोन्ही ३ झाले, आणि ३ व ६ दोन्ही ४ झाले. हा योगायोग नाही. जुन्या चिनी भाषेतले सूर आरंभीच्या व्यंजनानुसार उंच आणि खालच्या अशा दोन थरांत फुटले. कँटोनीजने ते थर बहुतेक सगळीकडे जपले, मँडरिनने फक्त एका जागी.

याचा उपयोग असा की कँटोनीज सूर माहीत असला तर मँडरिन सूर बऱ्याचदा सांगता येतो, उलट दिशेने मात्र दोन शक्यता उरतात. ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’ ही जोडी पाहा. मँडरिनमध्ये mǎi आणि mài, ऐकायला अगदी वेगळे. कँटोनीजमध्ये maai5 आणि maai6. दोन्ही खालच्या पट्टीत सुरू होतात, फरक एवढाच की पहिला किंचित चढतो आणि दुसरा तिथेच राहतो. मँडरिनची सवय असलेला विद्यार्थी ‘विकणे’ म्हणताना आवाज वरून खाली सोडतो आणि बाजारात समोरचा गोंधळतो. स्वतःला तपासायचे तर आधी ji6 म्हणून तो सपाट सूर पकडावा आणि त्याच उंचीवर maai6 म्हणावे. आवाज हलला तर चूक.

त्या संख्येला पुढे ७८६ जोडतात: cat1, baat3, luk6. हे p, t, k यांवर तोंड बंद करून संपणारे तुटक अक्षरगट आहेत. शेवटचे व्यंजन धरायचे, सोडायचे नाही. जुने कोश त्यांना ७, ८, ९ असे वेगळे सूर देत. युतपिंगने ते उंचीनुसार १, ३, ६ मध्येच बसवले, कारण तुटकपणा शेवटच्या व्यंजनावरून कळतोच. मँडरिनमधून ही व्यंजने गळून पडली आणि असे शब्द चारही सुरांत विखुरले, त्यामुळे वरचा हिशेब इथे चालत नाही: baat3 चे मँडरिन रूप bā, पहिल्या सुरात.

पिनयिनमध्ये खूण न लावताही अक्षर पूर्ण ठरू शकते, कारण मँडरिनमध्ये हलके उच्चार आहेत. ‘विद्यार्थी’ या xuésheng शब्दाच्या दुसऱ्या भागावर खूण नाही. कँटोनीजमध्ये तो hok6 saang1, दोन्ही भागांना पूर्ण सूर. बोलताना काही शब्दांचा सूर बदलतोही. ‘भाषा’ या अर्थाचा waa6 हा शब्द ‘कँटोनीज भाषा’ म्हणताना gwong2 dung1 waa2 असा वर चढतो. पाठ्यपुस्तक कोणता आकडा छापते ते पाहावे आणि कानाने ऐकलेला धरावा.

दोन अडथळे व्यवहारातले आहेत. पहिला म्हणजे अनेक जुनी पुस्तके येल पद्धतीत आहेत आणि तिच्यात j म्हणजे युतपिंगचा z, तर y म्हणजे युतपिंगचा j. स्वरांवर खुणा आणि खालच्या सुरांसाठी स्वरानंतर h दिसला, तर पुस्तक येलचे आहे असे समजावे. दुसरा अडथळा हाँगकाँगच्या बोलण्यातला. तिथे शाळेत मुले अक्षरचिन्हे थेट शिकतात, त्यामुळे शेजाऱ्याला एखाद्या शब्दाचे युतपिंग विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. शिवाय आरंभीचा n अनेकांच्या तोंडी l होतो आणि ng गळतो. ‘तू’ हा कोशात nei5, कानावर lei5; ‘मी’ कोशात ngo5, कानावर o5. ऐकलेला शब्द l खाली सापडला नाही तर n खाली पाहावा, आणि स्वराने सुरू होणारा सापडला नाही तर ng खाली.