वजन ८२ किलो, मग प्रोटीन किती घ्यायचे?

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी बायकांचा व्यायामवर्ग भरतो. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, असा साधाच व्यायाम. तिथे येणारी एक ताई मागे आमच्याकडे तक्रार घेऊन आली. चार घरचा स्वयंपाक करते, वय ३८, वजन ८२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. पंधरा दिवसांपासून तिचे पोट साफ होत नव्हते, जेवण नकोसे झाले होते आणि घरात नवऱ्याशी पैशांवरून बोलाचाली सुरू होती.

विचारपूस केल्यावर कारण कळले. तिच्या भाच्याला जिममधल्या कोणीतरी सांगितले होते, "वजनाच्या दुप्पट ग्रॅम प्रोटीन घ्यायचे." ताईने हिशेब केला, ८२ दुणे १६४. रोज १६४ ग्रॅम प्रोटीन म्हणजे जवळजवळ सत्तावीस अंडी. ते जमेना, म्हणून किराण्याच्या पैशांतून पावडरचा एक किलोचा डबा आणला. रोज तीन स्कूप घेतल्यावर तो अकरा दिवसांत संपला. पोट भरलेले राहायचे म्हणून भाकरी आणि भाजी कमी केली, त्यामुळे पोट जड झाले. एवढे करूनही १६४ काही गाठले गेले नाहीत.

तिची चूक कष्टात नव्हती, हिशेबात होती. दुपटीचा तो आकडा अंगावर फारशी चरबी नसलेल्या, रोज जड वजने उचलणाऱ्या तरुणांसाठी वापरला जातो. त्यांच्या एकूण वजनातले बहुतेक वजन स्नायू, हाडे आणि अवयवांचेच असते. वजन जास्त असलेल्या माणसाला तोच आकडा लावला की चरबीलाही प्रोटीन वाढले जाते, आणि चरबीला ते फारसे लागत नाही.

असे का, ते समजून घेऊ. आपले स्नायू, यकृत, आतड्याचे अस्तर, रक्त, कातडी यांतले प्रोटीन रोज थोडे मोडते आणि रोज नव्याने बनते. या दुरुस्तीसाठी आपल्याला जेवणातून प्रोटीन लागते. चरबीची पेशी म्हणजे मुख्यतः तेलाने भरलेली पिशवी. तिची दुरुस्ती फार थोड्या प्रोटीनवर भागते. म्हणून प्रोटीनचा हिशेब चरबी वगळून उरलेल्या वजनावर करायचा. त्याला आपण इथे बिनचरबीचे वजन म्हणू. मात्र हे सगळे वजन स्नायूंचे नसते, हे लक्षात ठेवा. त्यात हाडे, रक्त, अवयव आणि शरीरातले पाणी हेही आले.

बिनचरबीचे वजन घरी काढता येते. त्यासाठी वजन, उंची आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे. याला बोअरचे सूत्र म्हणतात.

बाईसाठी: (वजन × ०.२५२) + (उंची × ०.४७३) − ४८.३
पुरुषासाठी: (वजन × ०.४०७) + (उंची × ०.२६७) − १९.२

वजन किलोत आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची. उंची भिंतीला पाठ लावून, अनवाणी मोजायची. उंची फुटांत माहीत असेल तर आधी सगळे इंच करा आणि २.५४ ने गुणा.

ताईचा हिशेब आम्ही तिच्यासमोरच केला. ८२ ला ०.२५२ ने गुणले, २०.७ आले. १५२ ला ०.४७३ ने गुणले, ७१.९ आले. दोन्हींची बेरीज ९२.६. त्यातून ४८.३ वजा केले, उरले ४४.३. म्हणजे ८२ किलोतले साधारण ४४ किलो बिनचरबीचे आणि ३८ किलो चरबीचे. ती दुप्पट प्रोटीन घेत होती ते या ३८ किलोंसाठीही.

आता ४४ ला कितीने गुणायचे? वजन कमी करायचे आहे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम नुकताच सुरू केला आहे, अशा माणसाने बिनचरबीच्या दर किलोला १.६ ते २ ग्रॅम धरावेत. ताईसाठी ते ७० ते ८८ ग्रॅम झाले. आम्ही तिला खालचा आकडा दिला, ७०. नव्याने सुरुवात करणाऱ्याचे स्नायू थोड्या व्यायामालाही चांगले उत्तर देतात. पहिले तीन महिने रोज न चुकता ७० गाठणे हे दोन दिवस ८८ गाठून तिसऱ्या दिवशी सोडून देण्यापेक्षा बरे.

पुरुषाचे उदाहरण द्यायचे तर, वजन १०४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. सूत्राने बिनचरबीचे वजन ६८ किलो येते. लागणारे प्रोटीन साधारण १०९ ते १३६ ग्रॅम. दुपटीच्या हिशेबाने ते २०८ झाले असते.

सूत्र अचूक आहे का? नाही, तो अंदाज आहे. आपल्याकडच्या माणसांत त्याच वजनाला आणि उंचीला चरबी थोडी जास्त असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात तर इथली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने लहान असूनही त्यांच्या अंगावर तुलनेने जास्त चरबी दिसली होती. म्हणून ताईचे बिनचरबीचे वजन ४४ ऐवजी ४० किलोही असू शकेल. पण तेवढ्याने उत्तर सहा-सात ग्रॅमने बदलते, म्हणजे एका अंड्याने. एकूण वजनावर हिशेब केल्याने मात्र चूक ९० ग्रॅमच्या वर गेली होती. पायांना सूज असेल किंवा बाई गरोदर असेल तर हे सूत्र लावू नका. पाण्याचे आणि बाळाचे वजन त्यात मिसळते.

जिममधल्या ज्या यंत्रावर उभे राहिले की चरबीचा आकडा येतो, तेही अंदाजच सांगते. ते अंगातून अगदी सौम्य वीज सोडून पाण्यावरून चरबी ओळखते. म्हणून भरपूर पाणी प्यायल्यावर, घाम गाळल्यावर किंवा पाळीच्या दिवसांत त्याचा आकडा हलतो. पेसमेकर बसवलेल्याने त्यावर उभे राहू नये.

ताईचे आधीचे जेवण आम्ही लिहून काढले. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री भात आणि पातळ वरण. त्यात सगळे मिळून जेमतेम ३५ ग्रॅम प्रोटीन होते. आयसीएमआरने २०२० साली ५५ किलोच्या साध्या तब्येतीच्या बाईसाठीही रोज सुमारे ४६ ग्रॅम सांगितले आहेत. म्हणजे अंग भरलेले, पण ताटात प्रोटीन कमीच. पावडरच्या आधीची खरी अडचण ही होती.

नवे ताट असे ठरले. सकाळी दोन अंडी आणि एक चपाती, १५ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि ४० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मसुराची घट्ट उसळ, १७ ग्रॅम. संध्याकाळी वडापावऐवजी ४० ग्रॅम फुटाणे, ८ ग्रॅम. दिवसभरात चहासकट एक पेला दूध, ६ ग्रॅम. दुपारी एक वाटी दही, ३ ग्रॅम. रात्री थोडा भात आणि १०० ग्रॅम चिकन, २४ ग्रॅम. चिकन नसेल त्या दिवशी ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यातून तेवढेच मिळते. बेरीज ७३. पावडरची गरज उरली नाही. सोबत पालेभाजी आणि कोशिंबीर ठेवली, कारण पोट साफ होण्यासाठी तंतू त्यातूनही येतात.

इथे एक घोळ नेहमी होतो. १०० ग्रॅम चिकन म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन नव्हे. हाडे काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये साधारण २० ग्रॅम प्रोटीन असते, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ आणि एका अंड्यात ६. डाळ शिजवून पाणी घातले की वाटी भरलेली दिसते, पण प्रोटीन कोरड्या डाळीत होते तेवढेच राहते. म्हणून पहिले काही दिवस डाळ, वड्या आणि फुटाणे शिजवण्याआधी तराजूवर मोजा. तराजू नसेल तर किराणा दुकानात एकदा ४० ग्रॅम मोजून घ्या आणि घरच्या वाटीत ते कुठवर येते तिथे खूण करा.

वजन उतरू लागल्यावर आकडा कमी करायचा का? ताई ७४ किलोवर आली तर सूत्राने तिचे बिनचरबीचे वजन ४२ किलो येईल आणि प्रोटीन ६८ ग्रॅम. म्हणजे ताटात काहीच बदलायला नको. आठ किलो गेले, पण गेली ती बहुतेक चरबी. टिकवायचा होता तो स्नायू जवळजवळ तेवढाच आहे, म्हणून त्याचे प्रोटीनही तेवढेच.

प्रोटीन पुरते आहे की नाही हे फक्त वजनकाट्यावर कळत नाही. दोन गोष्टी दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. पहिली, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर. दुसरी, हात छातीशी बांधून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते. घेर कमी होतो आहे आणि उठबस तेवढीच किंवा जास्त होते आहे, तर ताट बरोबर आहे. वजन उतरते आहे पण उठबसही घटते आहे, तर चरबीसोबत स्नायूही जातो आहे. तेव्हा आधी रोजचे ग्रॅम खरेच भरतात का ते पाहा, मग आकडा १.६ वरून २ कडे न्या. घेर आणि वजन दोन्ही जागचे हलत नसतील, तर फुटाणे, शेंगदाणे आणि फोडणीचे तेल किती जाते ते मोजा. प्रोटीनच्या नावाखाली खाल्लेले शेंगदाणेही चरबी वाढवतात.

काहींनी मात्र हा हिशेब स्वतःहून सुरू करू नये. ज्यांना किडनीचा आजार आहे किंवा रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांना डॉक्टर प्रोटीन कमीच ठेवायला सांगतात. साखर किंवा बीपी बरीच वर्षे असेल, तर आधी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्या. किडनी बिघडायला लागली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी एकदम कमी केली तर साखर खाली जाऊन चक्कर येते, म्हणून औषधाचा डोस आधी डॉक्टरांना विचारा. ताईचे आम्ही दोन्ही तपासून घेतले, ठीक निघाले, मगच ७० ग्रॅमचे ताट सुरू केले.

तीन महिन्यांनी तिची उठबस नऊवरून चौदावर गेली. कमरेचा घेर सहा सेंटिमीटरने कमी झाला, वजन चार किलोने. पावडरच्या डब्याला जाणारे पैसे आता घरातल्या चौघांच्या अंड्यांना पुरतात. रिकाम्या डब्यात ती फुटाणे भरून ठेवते.