डच क्रियापदाच्या दोन जागा

नेदरलँड्समध्ये कामासाठी गेलेली मराठी माणसे डच शिकायला बसतात, तेव्हा पहिले काही धडे सुरळीत जातात. ‘मी उद्या आईला फोन करते’ हे डचमध्ये सांगायचे, तर ‘इक बेल मॉर्खन मेइन मुदर ओप’. इक म्हणजे मी, मॉर्खन म्हणजे उद्या, मेइन मुदर म्हणजे माझी आई आणि फोन करण्याचे क्रियापद ‘ओपबेलन’. (डचमधला ‘ग’ घशातून, जवळपास ‘ख’सारखा येतो.) क्रियापदाचे दोन तुकडे झाले आहेत, ‘बेल’ पुढे आणि ‘ओप’ पार शेवटी. ते जरा विचित्र वाटते, पण पाठ होते.

अडचण सुरू होते ‘उद्या’ हा शब्द आधी घ्यायचा ठरवला की. मराठीत ‘उद्या मी आईला फोन करते’ असे सहज म्हणता येते, इंग्रजीतही ‘उद्या’ पुढे आणला म्हणून कर्ता आणि क्रियापद जागा सोडत नाहीत. म्हणून शिकणारा बेधडक म्हणतो, ‘मॉर्खन इक बेल...’ आणि शिक्षक तिथेच थांबवतात. बरोबर वाक्य आहे ‘मॉर्खन बेल इक मेइन मुदर ओप’. शब्दशः, ‘उद्या फोन करते मी आईला’.

डच व्याकरणात याला ‘इन्व्हर्सी’, म्हणजे उलटापालट, म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. ते ऐकून वाटते, की कर्ता आणि क्रियापद यांनी जागांची अदलाबदल केली. वाक्ये एकाखाली एक ठेवून पाहिली, की वेगळेच दिसते. ‘इक बेल...’, ‘मॉर्खन बेल...’ आणि आईवर जोर द्यायचा असेल तर ‘मेइन मुदर बेल इक मॉर्खन ओप’. तिन्ही वाक्यांत ‘बेल’ दुसऱ्या जागेवरून हललेले नाही. पहिली जागा एकच आहे. तिथे कर्ता बसला तर ठीक, दुसरे कोणी बसले तर कर्त्याला क्रियापदाच्या पलीकडे जावे लागते. हलतो तो कर्ता.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द मात्र नव्हे. ‘मॉर्खन ना हेट एतन बेल इक मेइन मुदर ओप’, म्हणजे उद्या जेवणानंतर मी आईला फोन करते, यात क्रियापदाआधी चार शब्द आहेत, पण वेळ सांगणारा तो एकच गट आहे. एखादे आख्खे गौणवाक्यही त्या पहिल्या जागेवर बसू शकते. ‘आल्स इक तेइत हेप, बेल इक मेइन मुदर ओप’, मला वेळ असला तर मी आईला फोन करते. स्वल्पविरामाच्या अलीकडे एक क्रियापद, पलीकडे दुसरे, अशी ‘हेप, बेल’ ही जोडी डच मजकुरात सतत भेटते. उलट ‘एन’ (आणि), ‘मार’ (पण) यांसारखे शब्द दोन वाक्ये नुसती जोडतात आणि जागा अडवत नाहीत. त्यांच्यानंतर मोजणी नव्याने सुरू होते.

कर्ता मागे गेल्याची एक खूण थेट क्रियापदावर उमटते. ‘तू आज काम करतोस’ हे ‘येइ वेर्क्ट व्हानदाख’. ‘आज’ पुढे आणला, की ‘व्हानदाख वेर्क येइ’, शेवटचा ‘ट’ गळतो. हे फक्त ‘तू’च्या बाबतीत घडते. ‘तो’ किंवा ‘ती’ मागे गेली तरी ‘ट’ टिकून राहतो. डच शाळकरी मुलेही लिहिताना इथे चुकतात.

आता त्याच वाक्याआधी ‘ओमदात’, म्हणजे ‘कारण’, लावू. ‘ओमदात इक मॉर्खन मेइन मुदर ओपबेल’. क्रियापद शेवटी गेले आणि तिथे थांबलेल्या ‘ओप’ला जाऊन जुळले. हा क्रम मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे: कारण मी उद्या आईला फोन करते. शब्दामागे शब्द तंतोतंत बसतो. इंग्रजीच्या चष्म्यातून डचकडे पाहणारा मराठी माणूस इथे विनाकारण अडखळतो. मनातल्या मराठीवर विश्वास ठेवला तर गौणवाक्य अर्धे तयारच असते.

डचमध्ये ‘कारण’साठी आणखी एक शब्द आहे, ‘वान्ट’. अर्थ जवळपास तोच, पण त्याच्यानंतर क्रियापद पुन्हा दुसऱ्या जागी येते: ‘वान्ट इक बेल मॉर्खन मेइन मुदर ओप’. मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक असे दोन वर्ग शिकवले जातात. मराठीत हा भेद कानाला जाणवत नाही, कारण क्रियापद दोन्हीकडे शेवटीच असते. डचमध्ये तो शब्दक्रमातच ऐकू येतो.

मग डच क्रियापदाची मूळ जागा कोणती, दुसरी की शेवटची? भाषाशास्त्रज्ञ यान कोस्टर यांनी 1975 साली एका लेखात मांडले, की डच ही मुळात कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाची भाषा आहे. प्रधानवाक्यात क्रियापदाचा काळ आणि पुरुष दाखवणारा भाग शेवटून उठून पुढे येतो, बाकीचे मागेच राहते. एकट्या पडलेल्या ‘ओप’चा खुलासा यातून होतो. भूतकाळातही तेच दिसते. ‘काल मी आईला फोन केला’ हे ‘खिस्टरन हेप इक मेइन मुदर ओपखबेल्ट’. ‘हेप’ हे सहायक क्रियापद पुढे आले, मुख्य कृदन्त शेवटीच राहिले. डच बालकांची सुरुवातीची दोन-तीन शब्दांची वाक्येही याला धरून असतात. काळ-पुरुष न लागलेले क्रियापद ती मुले शेवटी ठेवतात, ‘बाबा पुस्तक वाचणे’ अशा धर्तीवर.

क्रियापद मग गौणवाक्यात पुढे का येत नाही? हान्स डेन बेस्टन यांनी दिलेले उत्तर फार देखणे आहे: ज्या जागेवर ते यायचे, तिथे ‘ओमदात’ किंवा ‘आल्स’ आधीच बसलेला असतो. याची पडताळणी संकेतार्थी वाक्यात होते. ‘मला ते माहीत असते तर’ हे ‘आल्स इक दात हात खवेतन’ असे म्हणता येते. ‘आल्स’ गाळला, की ‘हात इक दात खवेतन’. अव्ययाने जागा सोडली आणि ‘हात’ हे सहायक क्रियापद पुढे आले. अर्थ तोच राहिला.

नियमाला मर्यादाही आहेत. गौणवाक्यात क्रियापदानंतर काहीच येत नाही, असे नाही. शब्दयोगी गट मागे टाकता येतो: ‘ओमदात इक मॉर्खन बेल मेट मेइन मुदर’, म्हणजे आईशी फोनवर बोलते. ‘मेट’शिवाय, नुसते कर्म असेल, तर ते क्रियापदाच्या अलीकडेच हवे.

शेवटी दोन क्रियापदे जमली, तर त्यांचा आपसातला क्रम मोकळा असतो. ‘दात इक मेइन मुदर हेप ओपखबेल्ट’ आणि ‘दात इक मेइन मुदर ओपखबेल्ट हेप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्या क्रमाला डच लोक ‘लाल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘हिरवा’. अनिता पाउवेल्स यांनी 1950च्या दशकात बोलींचा अभ्यास करताना नकाशावर हे रंग वापरले आणि तीच नावे रूढ झाली. लिखाणात लाल क्रम अधिक दिसतो, अनेक बोलींत हिरवा. नव्याने शिकणाऱ्याने यातला कुठलाही निवडला तरी चालते.