गच्चीवर साचणारे पाणी

आधी उतार, मग कोटिंग

खराडीतील सोसायट्यांच्या सपाट गच्च्यांवर कोटिंगचे काम मे महिन्यात, स्लॅब पूर्ण कोरडा असताना होते. कोटिंग पाणी अडवते, डबके हटवत नाही. साध्या अ‍ॅक्रिलिकचा थर पाण्याखाली राहून मऊ पडतो, फुगतो आणि सुटतो.

- डबके: पाऊस थांबून 48 तास झाल्यावरही उरलेले पाणी. त्याच्या कडेने खडूने रेघ मारतात.
- उतार: किमान 1:100. पाइपाच्या तोंडापासून 3 मीटरवरची जागा 3 सेंटिमीटर उंच हवी.
- दुरुस्ती: पोकळ वाजणारा कोबा फोडतात, खळगा पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने उताराला जुळवून भरतात. वाळल्यावर पाणी ओतून पाहतात.
- कोटिंग: प्रायमरवर दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कठड्याच्या कोपऱ्यात जाळी.